काट नेमकी कशाला मारली आहे: फोटोतून आलेल्या पानावरचे सीमा आणि सांतत्याचे उदाहरण तपासताना

अकरावीच्या गणितात सीमा आणि सांतत्य ही प्रकरणे सुरू झाली की विद्यार्थ्यांकडून वहीच्या पानांचे फोटो येऊ लागतात आणि सोबत बहुधा एकच वाक्य असते, की सगळे बरोबर केले आहे, तरी पुस्तकाच्या मागे दिलेले उत्तर जुळत नाही. अशा पानांवर पुन्हापुन्हा आढळणारी चूक म्हणजे अंशातल्या आणि छेदातल्या पदांना मारलेली बेकायदा काट. नव्याने शिकवणी घेऊ लागलेल्यांनी असे पान कसे वाचावे, चूक कोणत्या ओळीत शिरली हे कसे ठरवावे आणि उदाहरण पुढे कसे सोडवून घ्यावे, हे इथे एकाच उदाहरणाच्या आधारे सांगितले आहे.

समजा, पानावरचा प्रश्न असा आहे: f(x) हे फलन x = 2 पाशी संतत असेल, तर k ची किंमत काढा.

```
f(x) = (√(x+7) − 3) / (x² + x − 6),   x ≠ 2
     = k,                             x = 2
```

आणि त्याखाली विद्यार्थिनीने पुढील ओळी लिहिल्या आहेत.

```
1)  lim(x→2) (√(x+7) − 3) / (x² + x − 6)
2)  वर-खाली (√(x+7) + 3) ने गुणून
3)  (x + 7 − 9) / [(x² + x − 6)(√(x+7) + 3)]
4)  (x − 2) / [(x² + x − 6)(√(x+7) + 3)]
5)  1 / [(x² − 3)(√(x+7) + 3)]
6)  1 / (1 × 6) = 1/6,   म्हणून k = 1/6
```

चौथ्या ओळीत अंशातल्या x वर आणि छेदातल्या मधल्या x वर एकेक तिरकी रेघ आहे, तसेच अंशातल्या 2 वर आणि छेदातल्या 6 वर रेघ असून 6 च्या डोक्यावर बारीक अक्षरात 3 लिहिला आहे.

आधी पान उतरवून घ्या

फोटो पाहिल्याबरोबर चूक शोधायला लागू नये. प्रथम संपूर्ण प्रश्न आणि प्रत्येक ओळ आपल्या कागदावर जशीच्या तशी उतरवावी, म्हणजे काट मारण्याआधी ती ओळ काय होती आणि नंतर काय झाली, अशा दोन्ही अवस्था वेगवेगळ्या दिसतात. काट मारलेल्या ठिकाणी रेघेखालचा आकडा नीट दिसत नाही. 6 आहे की 8, उणे चिन्ह आहे की काटेचीच रेघ लांबली आहे, अशी शंका अशाच जागी येते. शंका आली तर विद्यार्थिनीकडून छापील प्रश्नाचा वेगळा फोटो मागवून घ्यावा आणि तिच्या हस्ताक्षरावरून प्रश्नाचा अंदाज बांधत बसू नये. उजेड एका बाजूने पडला असेल तर कागदाची घडी उणे चिन्हासारखी दिसते आणि पातळ कागदावर मागच्या पानावरची शाई पुढे उमटून घातांकासारखी भासते, म्हणून पान सपाट ठेवून वरून काढलेला फोटोच मागावा.

वर्गमुळाच्या चिन्हाची आडवी रेघ कुठपर्यंत आहे, हा फोटोतला आणखी एक नेहमीचा घोळ आहे. √(x+7) आहे की √x + 7, हे रेघेवरून कळत नसेल तर x = 2 घालून पाहावे. √(2+7) − 3 म्हणजे 0 येते आणि छेद 4 + 2 − 6 हाही 0 येतो, तेव्हा उदाहरण 0/0 या अनिर्धार्य रूपाचे आहे. उलट √2 + 7 − 3 शून्य होत नाही आणि मग छेद शून्य व अंश शून्येतर असल्यामुळे सांत सीमा मिळणारच नाही. प्रश्नात k ची किंमत विचारलेली असताना तसे होणे शक्य नाही. ही कसोटी वाचनाला आधार म्हणून वापरावी, छापील प्रश्नाच्या बदली नव्हे, कारण सीमा अस्तित्वात नाही हेच उत्तर असलेले प्रश्नही मुद्दाम दिलेले असतात.

पानावरच्या रेघांचा अर्थ लावतानाही घाई नको. चुकून लिहिलेले खोडण्यासाठी मारलेली रेघ आणि अंश-छेदातले समान काढून टाकण्यासाठी मारलेली काट या दोन गोष्टी फोटोत सारख्याच दिसू शकतात. काट नेहमी जोडीने असते, म्हणजे एक वर आणि तिच्या जोडीची खाली, आणि भागून उरलेला आकडा शेजारी किंवा डोक्यावर बारीक लिहिलेला असतो. आपल्या उदाहरणात 6 च्या डोक्यावरचा 3 हा असाच पुरावा आहे, 6 ला 2 ने भागल्याचा.

कोणत्या ओळीत मोडले ते आकडा घालून पाहा

पान उतरवून झाले की लगतच्या दोन ओळी एकमेकींशी समान आहेत का, हे x ला एखादी सोपी किंमत देऊन तपासावे. यात सीमेचा अजून काही संबंध नाही. चौथ्या ओळीतली राशी पाचव्या ओळीतल्या राशीइतकी असेल, तर ती x च्या प्रत्येक चालणाऱ्या किमतीला तितकीच यायला हवी. (√(x+7) + 3) हा भाग दोन्हीकडे तसाच असल्यामुळे तो बाजूला ठेवून (x − 2)/(x² + x − 6) आणि 1/(x² − 3) एवढ्याच राशींची तुलना केली तरी चालते.

इथे एक धोका आहे आणि तो नवख्या शिकवणाऱ्याला हमखास फसवतो. x = 3 घातल्यास पहिली राशी 1/6 येते आणि दुसरी राशीही 1/6 येते. एवढ्यावर थांबलो तर काट बरोबरच आहे असे वाटेल. पण x = 4 घातल्यास पहिली 2/14 म्हणजे 1/7 येते, तर दुसरी 1/13. याचे कारण पाहण्यासारखे आहे: खरी राशी 1/(x + 3) आहे आणि विद्यार्थिनीची 1/(x² − 3), त्या दोन्ही समान होण्यासाठी x² − x − 6 = 0 व्हावे लागते, म्हणजे x = 3 किंवा x = −2, आणि आपण घातलेला 3 नेमका त्यांतलाच एक निघाला. म्हणून किमान दोन आकडे घालावेत. एका आकड्याला जरी राशी वेगळ्या आल्या तरी ती ओळ चुकली हे सिद्ध होते, मात्र एका आकड्याला जुळल्या म्हणून ओळ बरोबर ठरत नाही. 0 आणि 1 हे आकडे सोपे असले तरी त्यांच्यावर एकट्याने विसंबू नये, कारण 0 घातल्यावर x असलेली सगळी पदे नाहीशी होतात आणि 1 घातल्यावर x, x² आणि x³ यांतला फरकच दिसत नाही.

त्याच पद्धतीने पहिल्या ओळीपासून चौथ्या ओळीपर्यंतचा भाग तपासला तर तो निर्दोष आढळतो, आणि हे विद्यार्थिनीला आवर्जून सांगावे, कारण अनुबद्ध राशीने गुणण्याची अवघड पायरी तिला जमलेली आहे. चूक चौथ्या आणि पाचव्या ओळींच्या मध्येच आहे.

पद आणि अवयव

काट मारणे म्हणजे अंश आणि छेद या दोघांनाही एकाच शून्येतर राशीने भागणे. भागायचे तर संपूर्ण अंशाला आणि संपूर्ण छेदाला भागावे लागते, म्हणून ती राशी संपूर्ण अंशाची अवयव असायला हवी आणि संपूर्ण छेदाचीही. अधिक-उण्याने जोडलेले असते ते पद आणि गुणाकाराने जोडलेला असतो तो अवयव. x² + x − 6 मध्ये x² , x आणि −6 ही तीन पदे आहेत, त्यांतले मधले x हे या राशीचे अवयव नाही. त्याला एकट्याला x ने भागायचे आणि x² व 6 यांना तसेच ठेवायचे, हा भागाकारच होत नाही.

विद्यार्थिनीच्या पानावर ही गोष्ट तिच्याच रेघांवरून दाखवता येते. अंशातली दोन्ही पदे काटली गेल्यावर वर तिने 1 लिहिला, कारण काटल्यावर 1 उरतो हे तिला माहीत आहे. परंतु छेदातले मधले x काटल्यावर तिथे मात्र काहीच उरवले नाही, म्हणजे तिथे 0 धरला. त्याच रेघेचा अर्थ वर 1 आणि खाली 0 झाला. अवयवाला मारलेल्या काटेच्या जागी नेहमी 1 च उरतो आणि 1 ने गुणल्याने काही बदलत नाही म्हणून तो लिहिला नाही तरी चालतो, पण बेरजेत 1 गाळता येत नाही. पानावरच्या काटेबद्दल शंका असेल तेव्हा काटलेल्या जागी 1 लिहून ओळ पुन्हा वाचावी; बेकायदा काट असेल तर त्या ओळीतून काय वाचायचे हेच ठरत नाही.

बरोबर काट आणि तिचे कारण

आता छेदाचे अवयव पाडावेत. x = 2 घातल्यावर छेद शून्य होतो, त्यामुळे (x − 2) हा त्याचा अवयव असणारच, आणि x² + x − 6 = (x − 2)(x + 3) असे मिळते. पाचवी ओळ मग अशी होते.

```
lim(x→2) (x − 2) / [(x − 2)(x + 3)(√(x+7) + 3)]
= lim(x→2) 1 / [(x + 3)(√(x+7) + 3)]
= 1 / (5 × 6)
= 1/30
```

इथे (x − 2) हा संपूर्ण कंस वर आणि खाली गुणाकारात आहे, म्हणून त्याला काट मारता येते. पण आणखी एक अट उरते, की ज्याने भागायचे ती राशी शून्य असता कामा नये. x → 2 असताना (x − 2) शून्य होत नाही का, हा प्रश्न हुशार विद्यार्थी विचारतात आणि त्याला टाळू नये. सीमेच्या व्याख्येत x साठी 0 < |x − 2| < δ अशी अट असते, आणि तिच्यातले डावीकडचे 0 < हेच सांगते की x कितीही जवळ आला तरी 2 इतका होत नाही. सीमा काढताना x = 2 ही किंमत विचारातच घेतलेली नसल्यामुळे (x − 2) शून्येतर आहे आणि भागाकार कायदेशीर आहे. विद्यार्थ्यांनी प्रत्येक ओळीत lim लिहावे असा आग्रह धरण्याचे कारण हेच आहे: lim लिहिलेले असेपर्यंत x ≠ 2 हे गृहीत असते आणि ज्या ओळीत 2 ही किंमत घातली त्या ओळीपासून lim नाहीसे होते. या पानावर पहिल्या ओळीनंतर lim एकदाही लिहिलेले नाही, तेव्हा काट मारण्याचा अधिकार कशामुळे मिळाला याची खूणच तिच्या नजरेसमोर राहिलेली नाही. काट मारताना शेजारी "x → 2, म्हणून x ≠ 2, म्हणून x − 2 ≠ 0" एवढे लिहायची सवय लावावी.

सांतत्यासाठी f(2) ची किंमत या सीमेइतकी असावी लागते, म्हणून k = 1/30.

उत्तराची पडताळणी गणकयंत्रावर दोन मिनिटांत होते आणि ती विद्यार्थिनीकडूनच करून घ्यावी. मूळ फलनात x = 2.01 घातल्यास सुमारे 0.03326 येते, x = 1.99 घातल्यास सुमारे 0.03341, आणि 1/30 म्हणजे 0.0333… या दोहोंच्या मध्ये बसते. तिचे 1/6 म्हणजे 0.1667 त्यांच्या आसपासही नाही. x अगदीच जवळचा, म्हणजे 2.00000001 सारखा घेऊ नये, कारण मग वर्गमुळातून 3 वजा करताना यंत्राच्या पडद्यावरचे बहुतेक अंक निघून जातात आणि उत्तर भलतेच दिसू शकते.

एक गोष्ट मात्र समजावून सांगावी लागते. काट मारल्यानंतर उरलेले 1/[(x + 3)(√(x+7) + 3)] हे x = 2 पाशी स्वतः संतत आहे, म्हणून मूळ फलनही तिथे संतत झाले, असा समज होतो. तसे नाही. दोन्ही फलने x ≠ 2 असतानाच समान आहेत. x = 2 ला मूळ फलनाची किंमत प्रश्नात दिलेली k आहे, आणि प्रश्नात f(2) = 1/6 दिले असते तर सीमा 1/30 असूनही फलन तिथे असंतत ठरले असते. काटेमुळे सीमा काढणे सोपे होते, त्या बिंदूवरची किंमत तिने ठरत नाही.

उत्तर जुळले तरी काट चुकीची असू शकते

वरच्या उदाहरणात उत्तर चुकले म्हणून पान आपल्यापर्यंत आले. अधिक कठीण प्रसंग उत्तर बरोबर येते तेव्हाचा असतो. (x² − 9)/(x − 3) या राशीत काही विद्यार्थी x² ला x ने काटून x उरवतात, 9 ला 3 ने काटून 3 उरवतात, उणे-उणे मिळून अधिक करतात आणि x + 3 लिहितात. राशी खरोखरच x + 3 आहे आणि x → 3 असताना सीमा 6 हीदेखील बरोबर आहे. पानावर चूक दिसत नाही, पूर्ण गुणही मिळून जातात, आणि पद्धत पक्की होत जाते.

असे पान आले की रेघा पाहाव्यात. (x − 3) या कंसावर एक सलग रेघ असेल आणि वर (x − 3)(x + 3) लिहिलेले असेल तर काम योग्य झाले आहे. रेघा x वर आणि 3 वर वेगवेगळ्या असतील तर उत्तर योगायोगाने आले आहे. मग त्याच विद्यार्थ्याला (x³ − 27)/(x − 3) ची x → 3 असतानाची सीमा काढायला द्यावी. पदांना काट मारण्याच्या सवयीने x² + 9 येते आणि सीमा 18 निघते, तर खरे अवयव (x − 3)(x² + 3x + 9) असल्यामुळे सीमा 27 आहे. योगायोग तिथे टिकत नाही.

केवलमूल्य असेल तर

याच जातीची, पण अधिक सफाईदार दिसणारी एक काट केवलमूल्याच्या उदाहरणात आढळते. वरच्याच छेदाचा अंश करून (x² + x − 6)/|x − 2| घेतले, तर विद्यार्थी अवयव अचूक पाडतात आणि मग वरच्या (x − 2) ला खालच्या |x − 2| ने काटून x + 3 म्हणजे 5 लिहितात. इथे रेघ पूर्ण अवयवावर आहे, तरी काट बेकायदा आहे, कारण त्या दोन राशी एकच नाहीत. x > 2 असताना |x − 2| = x − 2 असते आणि उजवी सीमा 5 येते; x < 2 असताना |x − 2| = −(x − 2) असते आणि डावी सीमा −5 येते. x = 2.1 घातल्यास 5.1 आणि x = 1.9 घातल्यास −4.9, एवढे पाहिले तरी गोष्ट उघड होते. सीमा अस्तित्वात नाही, म्हणून k ची कोणतीही किंमत घेतली तरी फलन x = 2 पाशी संतत होणार नाही. फोटोत केवलमूल्याच्या उभ्या रेघा कंसासारख्या किंवा 1 सारख्या दिसतात, तेव्हा छेदाच्या दोन्ही बाजू मोठ्या करून पाहणे इथे फारच गरजेचे असते.

विद्यार्थिनीला काय लिहून पाठवावे

पूर्ण उत्तर सोडवून पाठवल्यास ती ते वहीत उतरवून घेते आणि चौथ्या ओळीकडे पुन्हा पाहत नाही. त्यापेक्षा ओळीचा क्रमांक द्यावा आणि एक काम सांगावे, उदाहरणार्थ: "चौथ्या ओळीपर्यंत तुझे सगळे बरोबर आहे. आता चौथ्या आणि पाचव्या ओळीत x च्या जागी 4 घालून दोन्ही उत्तरे कळव." दोन वेगळी उत्तरे तिच्याच हातून आल्यावर "छेदाचे अवयव पाड आणि फक्त पूर्ण कंसाला काट मार" एवढी सूचना पुरते.

तिने उदाहरण दुरुस्त करून पाठवले की लगेच त्याच ठेवणीचे दुसरे द्यावे, ज्यात जुनी सवय आणि नवी पद्धत यांची उत्तरे वेगळी पडतील. पुढील उदाहरण त्यासाठी सोयीचे आहे.

```
lim(x→3) (√(x+13) − 4) / (x² − 2x − 3)
```

छेद (x − 3)(x + 1) आहे, म्हणून बरोबर उत्तर 1/(4 × 8) = 1/32. अंशातल्या x ने −2x ला काटून −2 उरवले आणि 3 ने 3 ला काटून तिथे काहीच ठेवले नाही, तर छेदात x² − 2 उरते आणि उत्तर 1/56 येते. तिथे +1 उरवला तर x² − 1 उरते आणि 1/64 येते. उत्तराच्या आकड्यावरूनच तिने कोणती काट मारली हे कळते. 1/32 आले तरी पानाचा फोटो मागवावा आणि (x − 3)(x + 1) ही ओळ लिहिलेली आहे का आणि रेघ सलग कंसावर आहे का, हे पाहावे.